वॉशिंग मशीनला स्टॅबिलायझर लावायचा का? आधी व्होल्टेज मोजा, मग ठरवा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरगुती लॉन्ड्री सर्व्हिसचा खर्च काढला. त्यात "मशीनबरोबर स्टॅबिलायझर धरायचा का?" हा प्रश्न मी दोन मिनिटांत आटोपला होता. पण सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात लॉन्ड्री टाकायची असेल किंवा अप्लायन्सेसचं दुकान काढायचं असेल, तर हा विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, थोडी आकडेमोड आहे, पण सोपी आहे.

माझ्या दुकानात मशीन घेताना गिऱ्हाईक विचारतं, "स्टॅबिलायझर लागेल का हो?" बहुतेक दुकानदार लगेच "लागेल की" म्हणून बिलात एक ओळ वाढवतात. खरं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुमच्या घरात नेमकी कुठली अडचण आहे. कारण "लाईट कमी-जास्त होते" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि स्टॅबिलायझर हे त्यातल्या एकाचंच औषध आहे.

आपल्या भागातले तीन आजार

पहिला आजार म्हणजे तासन्‌तास राहणारं कमी व्होल्टेज. आपल्याकडे सिंगल फेजचं ठरलेलं व्होल्टेज २३० आहे. जुन्या १९५६ च्या इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये यात ६ टक्के वर-खाली चालेल असं होतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आता वाळवा, पलूस, कराडचा ऊसपट्टा घ्या किंवा तासगाव, खानापूरच्या द्राक्षबागा घ्या. ज्या वस्त्यांना शेतीपंपांच्याच ट्रान्सफॉर्मरवरून लाईट येते, तिथे थ्री फेज आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज १८०, १७० वर येतं. मोटरी बंद झाल्या की तेच २५० कडे जातं. गावठाणात फीडर वेगळा असेल तर हा त्रास बराच कमी असतो. म्हणजे एकाच गावात, दोन किलोमीटरच्या अंतरात, उत्तर बदलू शकतं.

दुसरा आजार म्हणजे क्षणिक झटका. वळिवाच्या पावसात जवळपास वीज पडली की लाईनवर काही मायक्रोसेकंदांपुरतं प्रचंड व्होल्टेज येतं. माण, खटाव, जतकडे मे महिन्यात हे पाहायला मिळतं.

तिसरा आजार सगळ्यात वाईट, न्यूट्रल तुटणे. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात झाड तारेवर पडलं, किंवा ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रलचा जोड जळला, तर २३० च्या जागी घरात ३००, ३५०, अगदी ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. एका घरातले बल्ब डोळे दिपवतात, शेजारच्या घरातले मिणमिणतात, पंखा वेड्यासारखा पळतो. असं दिसलं की पहिलं काम मेन स्विच खाली, दुसरं काम महावितरणला १९१२ वर फोन.

स्टॅबिलायझर पहिल्या आजारावर चालतो. दुसऱ्यावर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तिसऱ्यावर फक्त तेव्हा, जेव्हा त्यात हाय व्होल्टेज कट-ऑफ असेल, आणि तरीही तो स्वतः जळण्याची शक्यता राहतेच.

कमी व्होल्टेजने मशीनचं नेमकं होतं काय?

लोकांना वाटतं जास्त व्होल्टेजने मशीन जळतं आणि कमी व्होल्टेजने फक्त हळू चालतं. तसं नाही.

सेमी ऑटोमॅटिक आणि साध्या टॉप लोड मशीनमध्ये इंडक्शन मोटर असते. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज २६ टक्क्यांनी कमी झालं, पण मोटर ओढायची ताकद ५५ टक्क्यांवर येते. ओल्या कपड्यांनी भरलेला ड्रम फिरवायला ती पुरत नाही. मग मोटर नुसती हुं-हुं करते, फिरत नाही, आणि वाइंडिंग तापतं. थर्मल प्रोटेक्टर असेल तर तो बंद करतो, थंड झाल्यावर परत चालू, परत बंद. असं रोज चाललं की वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. "मशीन धुतं पण स्पिन घेत नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, "दिवसा घेत नाही की रात्री पण घेत नाही?" रात्री व्यवस्थित घेत असेल तर मेकॅनिकच्या आधी व्होल्टेज तपासा.

नव्या इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे बोर्ड आधी एसीचं डीसी करतो आणि मग मोटर चालवतो, त्यामुळे बरीच घट तो सांभाळून घेतो. फार कमी झालं तर एरर दाखवून थांबतो. पण त्याच मशीनमधला पाणी फेकणारा ड्रेन पंप आणि पाणी घेणारा इनलेट व्हॉल्व्ह बहुधा थेट एसीवरच चालतात. म्हणून कमी व्होल्टेजला "पाणी जात नाही" किंवा "पाणी येत नाही" असे एरर येतात, आणि माणूस नळ साफ करत बसतो.

हीटरचं तर सरळ गणित आहे. फ्रंट लोडचा २१०० वॉटचा हीटर १६३ व्होल्टवर जेमतेम १०५० वॉट देतो, म्हणजे निम्मा. १५ लिटर पाणी ३० वरून ६० डिग्रीला न्यायला जिथे पाव तास लागायचा तिथे अर्धा तास लागतो. घरी चालून जाईल. पण लॉन्ड्रीत दिवसाला आठ लोड काढायचे असतील तर तुमचे दोन तास तिथेच गेले.

स्टॅबिलायझर व्होल्टेज आणतो कुठून?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि विकणारे सहसा सांगत नाहीत. स्टॅबिलायझरमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि रिले असतात. व्होल्टेज कमी आलं की रिले टक् करून दुसऱ्या टॅपवर जातो आणि व्होल्टेज वाढवून देतो. पण वीज तयार होत नाही. बाहेर व्होल्टेज वाढवून द्यायचं तर तो आत जास्त अँपिअर ओढतो. साधं उदाहरण, २००० वॉट द्यायचे तर २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर पुरतात, १६० व्होल्टला साडेबारा लागतात, वर त्याचा स्वतःचा थोडा लॉस.

आता विचार करा. तुमच्या घरातली वायर बारीक असेल आणि व्होल्टेज तिच्यातच पडत असेल, तर स्टॅबिलायझर लावल्यावर अँपिअर वाढले, अँपिअर वाढले की वायरमध्ये आणखी व्होल्टेज पडलं, वायर तापली. म्हणजे औषधाने आजार वाढला. म्हणून खरेदीच्या आधी मोजणी.

मोजायचं कसं

प्लगमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो घ्या. मल्टीमीटर वापरता येत असेल तर उत्तम, पण ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून अजिबात नाही. मशीन ज्या बोर्डवर लागणार त्याच बोर्डच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये मीटर लावायचा.

तीन दिवस, दिवसातून चार वेळा आकडा लिहा: पहाटे, शेतीची थ्री फेज चालू असताना, संध्याकाळी सात-आठला, आणि रात्री अकरानंतर. थ्री फेज कधी दिवसा असते कधी रात्री, म्हणून तुमच्या फीडरचं वेळापत्रक गावच्या वायरमनला विचारून घ्या.

मग एक जास्तीची चाचणी करा. व्होल्टेज कमी असतानाच्या वेळी आधी काहीही न लावता आकडा बघा. नंतर त्याच बोर्डवर हीटर चालेल असं मशीन किंवा गिझर लावून परत बघा. फरक किती पडला ते लिहा. हाच फरक मेन स्विचपाशीही मोजायचा, पण ते काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या. महावितरणच्या मीटरला आणि सीलला हात लावायचा नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा, विट्याजवळच्या एका वस्तीवर एक ताई घराच्या मागच्या शेडमध्ये लॉन्ड्री सुरू करतायत. ८ किलोचं फ्रंट लोड, प्लेटवर २१०० वॉट. मीटरपासून शेड ४० मीटर लांब, तिथपर्यंत जुनी १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. शेडमध्ये मोजलेले आकडे असे:

- पहाटे सहा: २२२
- सकाळी साडेदहा, पंप चालू: १७८
- त्याच वेळी हीटर चालू केल्यावर: १६३
- रात्री अकरा: २४८

पहिल्या नजरेत वाटतं, १६३ म्हणजे स्टॅबिलायझर पाहिजेच. थांबा. हीटर लावल्यावर १५ व्होल्ट पडले. वायरमनने मेन स्विचला मोजलं तर तिथे फक्त ५ पडले होते. म्हणजे १० व्होल्ट घर ते शेड या वायरमध्येच जातायत. हिशोब जुळतो का बघू. १ स्क्वेअर एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १८ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. १६३ व्होल्टला हीटर साडेसहा अँपिअर ओढतो. साडेसहा गुणिले दीड, पावणेदहा. जुळलं.

आता या वायरवर स्टॅबिलायझर लावला तर? २२० व्होल्ट द्यायला तो जवळजवळ १४ अँपिअर ओढेल. त्यामुळे त्याच्या इनपुटला व्होल्टेज १४६ पर्यंत खाली येईल, आणि वायरमध्ये २८० वॉटच्या आसपास नुसती उष्णता तयार होईल. एवढ्या बारीक वायरला ते झेपणारं नाही. शिवाय स्टॅबिलायझरची खालची मर्यादा १५० असेल तर एक मजेशीर खेळ सुरू होतो. तो लोड घेतो, व्होल्टेज १४६ होतं, कट-ऑफ होतो, लोड गेल्यावर व्होल्टेज परत १७८, मग परत चालू. दिवसभर टक्-टक्. गिऱ्हाईक म्हणतं स्टॅबिलायझर खराब निघाला. खराब वायर आहे.

म्हणून पहिला खर्च वायरचा. शेडपर्यंत स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट. आता वायरचा रेझिस्टन्स दीड ओहमवरून ०.३७ वर येतो. पंप चालू असताना, हीटरसकट, मशीनपाशी १७० मिळतात. सुधारणा दिसायला छोटी आहे, पण आता स्टॅबिलायझर लावला तर इनपुटला १६४ राहतात, अँपिअर सव्वाबारा होतात आणि वायर तापत नाही.

उरलेली घट लाईनची आहे, ती ताई दुरुस्त करू शकत नाहीत. त्यासाठी १९१२ वर कमी व्होल्टेजची तक्रार नोंदवायची, तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा आणि आपली तीन दिवसांची वही सेक्शन ऑफिसला दाखवायची. "लाईट कमी आहे" यापेक्षा "रोज साडेदहाला १७८" या वाक्याची दखल लवकर घेतली जाते. पोलवरचा जोड सैल आहे का, एकाच फेजवर जास्त घरं आहेत का, ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड आहे का, हे तपासणं त्यांचं काम आहे.

त्याच वहीत आणखी एक उत्तर आहे. पहाटे सहाला २२२ आहेत. गरम पाण्याचे लोड, म्हणजे चादरी, हॉटेलचे नॅपकिन, पहाटे लावा. दुपारी थंड पाण्याचे लोड लावा, त्यात हीटर चालतच नाही आणि मशीन फारच कमी वीज ओढतं. याला एक रुपयाही लागत नाही. फीडरची पाळी बदलली की आपली पाळी बदलायची, एवढंच.

मग स्टॅबिलायझर केव्हा आणि कोणता?

वायर सुधारल्यावर, लोड चालू असताना, कामाच्या वेळेत व्होल्टेज रोज १९० च्या खाली राहत असेल तर मी स्टॅबिलायझर घ्या म्हणतो. २०० ते २५० च्या मध्ये राहत असेल तर नको म्हणतो. मधल्या पट्ट्यात मशीनचं मॅन्युअल उघडा. काही इन्व्हर्टर मशीनवर किती ते किती व्होल्टमध्ये चालेल हे छापलेलं असतं, तुमचे आकडे त्यात बसले तर पैसे वाचवा. वॉरंटी कार्डही वाचा. व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरणार नाही अशी ओळ बहुतेक ठिकाणी असते.

साइज काढताना मशीनच्या प्लेटवरचे जास्तीत जास्त वॉट बघा आणि त्यात पाव ते तीस टक्के वाढवा. २१०० वॉटच्या फ्रंट लोडला २.७ येतात, म्हणजे ३ केव्हीए. हीटर नसलेल्या ५०० वॉटच्या टॉप लोडला मोटर सुरू होताना ओढते ते धरून १ ते दीड केव्हीए पुरतो. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर फ्रंट लोडला लावायचा नाही. हीटर लागला की तो तापून वास मारायला लागतो.

खोक्यावर दोन रेंज असू शकतात: किती व्होल्टला तो चालू राहतो, आणि किती व्होल्टपासून तो पूर्ण व्होल्टेज देतो. आपल्याला दुसरी पाहिजे. आपल्या ताईंना १६४ ला पूर्ण आउटपुट देणारा लागेल, म्हणजे १५० पासूनचा घ्यावा. हाय आणि लो कट-ऑफ दोन्ही असलेला घ्या. आणि तो भिंतीवर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब, हवा लागेल असा बसवा.

बाकीच्या दोन आजारांवर काय?

ज्यांचं व्होल्टेज एरवी चांगलं आहे पण लाईट गेल्या-आल्याने भीती वाटते, त्यांच्यासाठी हाय-लो व्होल्टेज प्रोटेक्टर हा स्वस्त मार्ग आहे. तो व्होल्टेज वाढवत नाही, फक्त मर्यादेबाहेर गेलं की तोडतो, आणि लाईट आल्यावर थोडं थांबून जोडतो. हे थांबणं कामाचं आहे, कारण लाईट आल्यानंतरची पहिली काही मिनिटं व्होल्टेज फार उड्या मारतं. न्यूट्रल तुटल्यावर मशीन वाचण्याची खरी शक्यता यानेच असते. मेन बोर्डात बसवला तर टीव्ही, फ्रिज सगळंच झाकलं जातं. त्याची अँपिअर क्षमता मात्र मेनच्या लोडएवढी हवी.

विजेच्या झटक्यासाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लागतं. ते जास्तीचं व्होल्टेज जमिनीत सोडतं, म्हणून चांगलं अर्थिंग नसेल तर ते नुसतं शोभेचं. ओल्या जागेत माणसाच्या जिवासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी पण बसवा. ती मशीनला वाचवत नाही, तुम्हाला वाचवते. आणि विजा कडाडायला लागल्या की सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही.

दुकान काढणाऱ्यांसाठी

मशीन विकताना गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारा. गावठाणात राहता की वस्तीवर? मशीन मीटरपासून किती लांब ठेवणार? हीटरवालं घेणार की साधं? संध्याकाळी ट्यूब लुकलुकते का? पहिल्या आणि चौथ्याला "वस्तीवर" आणि "हो" आलं तर प्लगमधला व्होल्टमीटर तीन दिवसांसाठी वापरायला द्या. आकडे आणून दाखवू द्या, मग काय ते विका. कधी स्टॅबिलायझर विकला जाईल, कधी वायरमनला काम मिळेल, कधी काहीच विकलं जाणार नाही. पण चुकीचा स्टॅबिलायझर विकलात तर तो तीन महिन्यांत परत येतो, आणि त्याच्याबरोबर अख्ख्या वस्तीचं बोलणं येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या घरच्या बोर्डवर तीन दिवसांचे बारा आकडे आणि हीटर चालू-बंदचा फरक लिहून काढा. पुढच्या व्हिडिओत आपण याच लॉन्ड्रीचा एका लोडचा खर्च काढणार आहोत, पाणी, पावडर आणि युनिटसकट. तिथे हे आकडे लागतील.